एकत्र न बसलेल्यांचे एकत्र छायाचित्र

१/
मुरुमसारख्या गावातील जुन्या घराच्या बैठकीत टांगलेल्या कौटुंबिक छायाचित्रात एखादी व्यक्ती अशीही असू शकते, जी त्या दिवशी तिथे नव्हतीच. परगावी असलेल्या किंवा दिवंगत आप्ताला दुसऱ्या छायाचित्रातून आणून रांगेत बसवण्याची ही कला संगणकाहून कितीतरी जुनी आहे.

२/
मुंबईत तिचा ठळक पुरावा १८६३ आणि १८६६ सालचा आहे. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील विविध समाजांवर दोन खंडांत छायाचित्रसंग्रह काढला. त्यातील अनेक चित्रांत माणसे एका निगेटिव्हवरची, तर मागचे दृश्य दुसऱ्या निगेटिव्हवरचे आहे.

३/
अनुपस्थित माणूस जोडण्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १८६५ साली मॅथ्यू ब्रॅडी यांच्या स्टुडिओत जनरल शर्मन आपल्या सेनानींसह बसले. जनरल ब्लेअर तेव्हा आले नव्हते. नंतर त्यांचे स्वतंत्र छायाचित्र घेऊन त्यांना उजव्या टोकाला बसवले गेले. टोकाची जागा सोयीची असते, कारण तिथे जोड एकाच बाजूला लपवावा लागतो.

४/
पहिला प्रश्न मापाचा. समजा, समूहचित्रात शेजाऱ्याचे डोके हनुवटीपासून टाळूपर्यंत १२ मिलिमीटर भरते आणि सुट्या चित्रात आजोबांचे ८. मग आजोबांचे चित्र दीडपट मोठे करावे लागते. मात्र त्याबरोबर चित्रातील रवाही दीडपट वाढतो. म्हणून जोडलेला चेहरा शेजाऱ्यांपेक्षा खरबरीत किंवा धूसर दिसतो.

५/
दुसरा प्रश्न प्रकाशाचा. अंगणातील समूहावर उजेड उजवीकडून पडला असेल आणि स्टुडिओत आजीवर तो डावीकडून, तर नाकाच्या सावल्या परस्परविरुद्ध दिशांना जातात. निगेटिव्ह उलटी करून छापल्यास सावली जुळते. पण पदराचा खांदा बदलतो, केसांचा भांग सरकतो, सदऱ्याची बटणपट्टी दुसऱ्या बाजूला जाते. मऊ आणि कडक उजेडातला फरक तर उलटे छापूनही मिटत नाही. तो ब्रशने सावल्या रंगवून झाकावा लागतो.

६/
जोड ओळखायचा तर चेहऱ्यापासून सुरुवात करू नये, कारण कारागिराने सर्वाधिक श्रम तिथेच घेतलेले असतात. आधी पाय पाहावेत: इतरांच्या पायांशी सावली आहे आणि एकाच्याच नाही का? मग केसांची आणि खांद्यांची कड पाहावी. कात्रीने कापल्यासारखी सलग कड संशयास्पद असते. शेवटी नजर पाहावी: सर्वांची कॅमेऱ्याकडे आणि एकाचीच भलतीकडे आहे का?

७/
अशा चित्राला बनावट म्हणून बाजूला सारणे घाईचे ठरेल. ‘त्या दिवशी हे सर्व जण एकत्र होते’ याचा तो पुरावा नव्हे. त्यावरून कोणाच्या हयातीचे साल ठरवले तर वंशावळच चुकेल. पण कुटुंबाने कोणाला आपले मानले आणि त्याला कोणाशेजारी बसवले, याचा तो अस्सल दस्तऐवज आहे.