दोन मोटारींचे गॅरेज : रुंदी कशी ठरवावी?

घर बांधताना खोल्यांच्या मापांवर घरातील सर्वांची चर्चा होते. गॅरेजच्या चौकोनात मात्र दोन गाड्यांची चित्रे बसली की तो विषय तिथेच संपतो. पुढे गृहप्रवेश होतो, गाड्या आत जातात आणि मग लक्षात येते की आत गेलेला माणूस बाहेर पडू शकत नाही. दार भिंतीला टेकते, अंग चोरून निघावे लागते आणि वृद्ध आईला तर उतरताच येत नाही. चिऱ्याची भिंत एकदा उभी राहिली की सरकवता येत नाही. म्हणून हा हिशेब पाया आखण्यापूर्वीच करावा.

दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की रुंदीत तीन मोकळे पट्टे उरतात : डाव्या भिंतीलगतचा, दोन गाड्यांमधला आणि उजव्या भिंतीलगतचा. गॅरेजचा सोयीस्करपणा या तीन पट्ट्यांवर अवलंबून असतो. गाडीच्या माहितीपत्रकात दिलेली रुंदी सहसा बाजूचे आरसे वगळून असते, हेही ध्यानात ठेवावे. आरसे उघडे असताना गाडी दोन्ही बाजूंना अंदाजे वीतभर अधिक जागा घेते.

एका माणसाला दार अर्धे उघडून सावकाश उतरण्यास गाडीच्या अंगापासून सुमारे 70 सेंटीमीटर जागा लागते. 50 सेंटीमीटरमध्ये सडपातळ माणूस कसाबसा निघतो. वृद्ध व्यक्ती, कडेवर मूल असलेली आई किंवा हातात पिशव्या असलेला माणूस यांच्यासाठी 90 सेंटीमीटर धरणे श्रेयस्कर. नुसते चालत जाण्यास 60 सेंटीमीटर पुरतात. ज्या बाजूला कोणी उतरणारच नाही, तिथे आरसे दुमडून 30 सेंटीमीटरवर भागते. मात्र त्यासाठी गाडी सरळ रेषेत आत आली पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ. आराखड्यात गॅरेज बाहेरून बाहेर साडेपाच मीटर लांब आणि तेवढेच रुंद दाखवले आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती 23 सेंटीमीटर जाडीच्या असल्याने आत 5 मीटर 4 सेंटीमीटर उरतात. आतल्या गिलाव्याने दोन्ही बाजू मिळून आणखी 3 सेंटीमीटर गेले की हाती येतात 5 मीटर 1 सेंटीमीटर. आराखड्यातील आकडा आणि प्रत्यक्ष मोकळी रुंदी यांत असे जवळजवळ अर्ध्या मीटरचे अंतर पडते. घराचा एखादा खांब आत डोकावत असेल, तर ते आणखी वाढते.

या घरात एक स्विफ्ट आणि एक क्रेटा आहे. त्यांची रुंदी अनुक्रमे सुमारे 174 आणि 179 सेंटीमीटर, म्हणजे एकूण 353. मोकळ्या 501 मधून ती वजा केली की तीन पट्ट्यांसाठी 148 सेंटीमीटर राहतात. समान वाटणी केल्यास प्रत्येकी 49. म्हणजे तिन्ही बाजूंना अडचण आणि एकही बाजू धड नाही.

दोन्ही गाड्या तोंड आत करून लावल्या, तर आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने डाव्या गाडीचा चालक मधल्या पट्ट्यात उतरतो आणि उजव्या गाडीचा चालक उजव्या भिंतीकडे. मधल्या पट्ट्यात उजव्या गाडीतील प्रवासीही उतरतात. डाव्या भिंतीला 40, मध्ये 80 आणि उजव्या भिंतीला 70 अशी वाटणी धरली, तर 190 सेंटीमीटर हवेत. आतील रुंदी 5 मीटर 43 सेंटीमीटर व्हायला हवी, म्हणजे 42 सेंटीमीटर कमी पडतात.

इथे गाड्यांच्या दिशेचा विचार कामी येतो. डावी गाडी तोंड आत करून आणि उजवी गाडी उलटी, तोंड बाहेर ठेवून लावली, तर दोघांचेही चालकाचे दार मधल्या पट्ट्यात उघडते. भिंतींकडे प्रत्येकी 30 सेंटीमीटर पुरतात आणि मधला पट्टा 88 सेंटीमीटरचा होतो. तोच चालण्याचा मार्गही होतो. चालकामागील दारही याच पट्ट्यात उघडत असल्याने आजींना तिथे बसवले, तर त्यांना आतच उतरता येते. डाव्या बाजूच्या प्रवाशांना मात्र गाडी आत नेण्यापूर्वी उतरावे लागेल. दोन्ही चालकांनी एकाच वेळी दारे उघडू नयेत, एवढे पथ्य पाळावे लागते.

उलटी कोणती गाडी लावावी, याचे उत्तर लांबी देते. क्रेटा 433 सेंटीमीटर लांब आहे, स्विफ्ट 386. आतील लांबीही 501 धरली आणि शटरच्या बाजूला 20 सेंटीमीटर सोडले, तर क्रेटाच्या पुढे 48 आणि स्विफ्टच्या मागे 95 सेंटीमीटर राहतात. म्हणून स्विफ्ट उजवीकडे उलटी लावावी : तिच्या डिकीमागे सामान काढण्यास आणि चालण्यास जागा मिळते. घरात जाणारे दारही त्याच बाजूच्या मागील भिंतीत असावे आणि ते घराच्या आत उघडणारे असावे; गॅरेजमध्ये उघडल्यास ते हाच रस्ता अडवील. क्रेटाची डिकी शटरकडे असल्याने ती शटर उघडे असतानाच वापरावी लागेल.

ही तोड नियमाने पाळावी लागते. उजवी गाडी रोज उलटी लावण्याची कोणाची तयारी नसेल किंवा पुढे इनोव्हासारखी अधिक रुंद आणि लांब गाडी घेण्याचा विचार असेल, तर हे गॅरेज अपुरेच समजावे. क्रिस्टा 183 सेंटीमीटर रुंद आणि सुमारे 474 लांब आहे. ती आत आल्यावर पुढे चालण्यास जागाच उरत नाही. नवीन बांधकामात आतील माप साडेपाच बाय साडेपाच मीटर मिळाले, तर दोन मध्यम गाड्यांना पुरते. लांब गाडी असल्यास खोली पावणेसहा मीटर धरावी. जागा तेवढी नसेल, तर एका बाजूची भिंत गाळून केवळ खांबांवर छप्पर घेतल्यास त्या बाजूचे दार मोकळेपणी उघडते. गोव्याच्या पावसात तिरकी सर आत येणार, हे मात्र स्वीकारावे लागते. खांबांची जागाही महत्त्वाची : खांब बोनेटशेजारी आला तर अडत नाही, पुढच्या दारासमोर आला तर रोज अडतो. रुंद एका शटरऐवजी दोन शटर घेतल्यास मधल्या खांबामुळे गाड्या हव्या तशा सरकवता येत नाहीत, आणि वरील वाटणीच कोलमडते.

कागदावरील आकड्यांवर न थांबता अंगणात एकदा परीक्षा घ्यावी. खडूने आतील मोकळे माप आखावे, भिंतींच्या जागी खुर्च्या किंवा खोकी मांडावीत आणि दोन्ही गाड्या ठरलेल्या दिशेने उभ्या कराव्यात. दार पहिल्या व दुसऱ्या टप्प्यावर किती बाहेर येते, ते टेपने मोजावे. मग घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला उतरून घराच्या दारापर्यंत चालत जाण्यास सांगावे. ती कुठेही न थांबता पोहोचली, तर माप बरोबर आहे. खोके हलले, तर रेषा तिथेच पुढे सरकवावी.