x चा वर्ग t मानला, पण t ऋण होत नाही हे विसरलं की उत्तर चुकतं : चतुर्घाती असमानतेतला नेमका सापळा

बेळगाव : दहावीपर्यंत मराठी माध्यमात वर्गसमीकरणं व्यवस्थित सोडवणारी मुलं अकरावीला सायन्सला गेली की प्रवेश परीक्षांच्या तयारीत त्यांच्यासमोर एक नवा प्रकार येतो. समीकरणाऐवजी असमानता, म्हणजे ‘बरोबर’ या चिन्हाऐवजी ‘पेक्षा लहान’ किंवा ‘पेक्षा मोठं’ हे चिन्ह, आणि x चा घात चक्क चार. दिसायला अवघड, पण त्यात x⁴, x² आणि साधी संख्या एवढंच असेल, तर हे गणित दहावीच्या अवयव पद्धतीनेच सुटतं. मुलं अडतात ती शेवटच्या पायरीवर. पर्यायी प्रश्नात तिथे केलेल्या चुकीचं उत्तरही बहुतेक वेळा पर्यायांमध्ये दिलेलं असतं, त्यामुळे आपलं चुकलंय हे कळतही नाही. जेईई मेनमध्ये अशा चुकीच्या पर्यायाला एक गुण वजा होतो.

पद्धत काय?

x⁴ म्हणजे x² चा वर्ग. म्हणून x² च्या जागी t लिहिलं की x⁴ च्या जागी t² येतं आणि चौथ्या घाताचं गणित दुसऱ्या घातावर उतरतं. मात्र t ही कुठलीही संख्या नाही, ती कशाचा तरी वर्ग आहे. वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून t ≥ 0. ही ओळ t मानतानाच वहीत लिहायची. मनात ठेवली तर पुढच्या आकडेमोडीत ती हमखास निसटते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू.

x⁴ − 8x² − 9 < 0

x² = t मानू, t ≥ 0.

t² − 8t − 9 < 0

(t − 9)(t + 1) < 0

दोन अवयवांचा गुणाकार ऋण हवा, म्हणजे एक धन आणि दुसरा ऋण हवा. हे −1 आणि 9 यांच्या मध्येच घडतं. म्हणून −1 < t < 9.

इथे थांबून सुरुवातीला लिहिलेल्या ओळीकडे परत जायचं. t तर −1 आणि 0 यांच्या मध्ये असूच शकत नाही. तो तुकडा काढून टाकला की उरतं 0 ≤ t < 9. आता t च्या जागी परत x² ठेवू. x² ≥ 0 हे नेहमीच खरं असतं, त्यामुळे त्या बाजूने x वर काही बंधन येत नाही. उरलं x² < 9, म्हणून उत्तर −3 < x < 3.

यात दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, −1 < t < 9 हेच उत्तर म्हणून −1 < x < 9 असं लिहून टाकणं. x = 4 घालून पाहिलं की ही चूक उघडी पडते : 256 − 128 − 9 = 119, म्हणजे ऋण नाही. दुसरी चूक जरा बारीक आहे. t ऋण नाही हे लक्षात राहतं, पण t ≥ 0 ऐवजी t > 0 लिहिलं जातं. मग उत्तरातून x = 0 गळतो. खरं तर x = 0 घातला की −9 < 0 मिळतं, म्हणजे शून्य उत्तरात हवाच.

शून्याची खरी परीक्षा

शून्य किती महत्त्वाचा, हे पुढच्या गणितात अधिक स्पष्ट होतं.

x⁴ − 9x² ≥ 0

t(t − 9) ≥ 0

म्हणून t ≤ 0 किंवा t ≥ 9.

‘t ऋण नसतो’ हे पाठ केलेली मुलं इथे t ≤ 0 हा अख्खा भाग खोडतात आणि x ≤ −3 किंवा x ≥ 3 असं उत्तर देऊन मोकळी होतात. पण t ≤ 0 मधला ऋण भाग गेला तरी t = 0 शिल्लक राहतो. t = 0 म्हणजे x = 0. तो घालून पाहिला तर 0 ≥ 0, म्हणजे असमानता खरी ठरते. म्हणून पूर्ण उत्तर x ≤ −3 किंवा x = 0 किंवा x ≥ 3. संख्यारेषेवर दोन बाजूंना दोन लांब पट्टे आणि मध्ये एकच सुटा बिंदू. असं चित्र नेहमी दिसत नाही, म्हणूनच परीक्षक ते आवर्जून विचारतात.

दोन्ही मुळं धन असतील तर?

x⁴ − 10x² + 9 ≤ 0

(t − 1)(t − 9) ≤ 0

म्हणून 1 ≤ t ≤ 9.

इथे सगळा भाग शून्याच्या उजवीकडे आहे, त्यामुळे काही खोडायचं नाही. पण x कडे परत जाताना 1 ≤ x ≤ 3 एवढंच लिहून थांबलं तर अर्धं उत्तर जातं. वर्ग केल्यावर −2 आणि 2 दोघांचेही 4 होतात, म्हणून ऋण बाजूही तितकीच हवी. उत्तर −3 ≤ x ≤ −1 किंवा 1 ≤ x ≤ 3. मधला भाग सुटतो, कारण x = 0 घातला की 9 येतात आणि 9 ≤ 0 खोटं आहे.

दोन्ही मुळं ऋण असतील तर गणित फार लवकर संपतं. x⁴ + 10x² + 9 < 0 मध्ये −9 < t < −1 मिळतं आणि हा सगळाच भाग खोडला जातो. म्हणून उत्तर ‘एकही वास्तव x नाही’. चिन्ह उलटं असतं तर प्रत्येक x उत्तर ठरला असता. हे t न मानताही दिसतं : तिन्ही पदांतलं एकही ऋण नाही आणि शेवटी 9 मिळवलेले आहेत, मग बेरीज शून्याखाली जाणार कशी?

उत्तर कसं तपासायचं?

या प्रकारात x च्या जागी −x घातलं तरी राशी बदलत नाही. म्हणून उत्तर शून्याच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखं सारखंच हवं. संख्यारेषेवर उजवीकडे पट्टा आहे आणि डावीकडे नाही, असं दिसलं तर शेवटची पायरी चुकली आहे. त्यानंतर x = 0 घालून पाहायचं. त्यासाठी फक्त शेवटच्या संख्येचं चिन्ह बघावं लागतं आणि शून्य उत्तरात आहे की नाही ते लगेच कळतं.

ही युक्ती राशीत x³ किंवा नुसता x असेल तर चालत नाही. x⁴ − 8x² + x − 9 मध्ये t मानलं तरी एक x तसाच उरतो. तिथे वेगळी वाट धरावी लागते. अवयव सहज पडत नसतील, तर मात्र वर्गसमीकरणाचं सूत्र वापरून t ची मुळं काढायची आणि पुढे सगळं वरीलप्रमाणेच.