खोलीची उंची किती असावी? पॅलाडिओचे उत्तर

१५७० साली व्हेनिसमध्ये आन्द्रेआ पॅलाडिओ या वास्तुशिल्पीचे ‘स्थापत्याचे चार ग्रंथ’ प्रसिद्ध झाले. त्यांतील पहिल्या ग्रंथात त्याने एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे: खोलीची लांबी-रुंदी ठरल्यावर तिचे छत किती उंचीवर घ्यावे?

छत सपाट असेल तर त्याचा नियम एका वाक्याचा आहे. खोली जेवढी रुंद, तेवढीच उंच. मात्र कमानदार छताचे गणित निराळे असते. असे छत भिंतींपासूनच वळत वर जाते आणि त्याची खरी उंची फक्त मध्यभागी मिळते. कडेला उभ्या असलेल्या माणसाला ते बरेच खाली आलेले दिसते. म्हणून चौरस खोलीत कमानदार छत रुंदीपेक्षा एक तृतीयांशाने अधिक उंच घ्यावे, असे तो सांगतो.

खरी अडचण लांबट खोलीची. तिची उंची केवळ रुंदीवरून ठरवली तर लांबीच्या मानाने छत डोक्यावर दडपल्यासारखे वाटते; केवळ लांबीवरून ठरवली तर विहिरीच्या तळाशी उभे असल्याचा भास होतो. म्हणजे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. हा मध्य काढण्याच्या तीन रीती पॅलाडिओ देतो. त्यांना आज आपण अंकगणितीय, भूमितीय आणि हरात्मक मध्य म्हणतो.

त्याच्याच एका वास्तूवर हे ताडून पाहता येते. व्हेनिसजवळ ब्रेंटा कालव्याच्या काठी फॉस्कारी बंधूंसाठी त्याने बांधलेला वाडा ‘ला मालकोंटेंटा’ या नावाने ओळखला जातो. ग्रंथातील नकाशात मधल्या दालनाच्या दोन्ही अंगांना तीन-तीन खोल्या आहेत: मोठी १६ × २४ फूट, मधली १६ × १६ आणि धाकटी १२ × १६. हा फूट व्हिचेन्झा शहरातला, सुमारे ३५.७ सेंटीमीटरचा; आपल्या फुटापेक्षा दोन इंचांनी मोठा.

मोठ्या खोलीचा अंकगणितीय मध्य येतो २० फूट, भूमितीय सुमारे १९.६ आणि हरात्मक १९.२. पहिल्या आणि शेवटच्या उत्तरात जेमतेम एक वीत-सव्वा वीत अंतर! सात मीटर उंचीवरच्या वळत्या छतात एवढा फरक नुसत्या डोळ्यांना कळणे कठीण. संगीतातील स्वरांतरांशी या मध्यांचे नाते जोडणारे पुष्कळ लेखन पुढे झाले. रुडॉल्फ विटकोवर याचा १९४९ सालचा ग्रंथ त्यात अग्रगण्य. ते वाचनीय आहे. पण या खोलीत उभ्या असलेल्या माणसाला जाणवते ते एवढेच की उंची लांबी-रुंदीच्या मधोमध आहे.

मग तीन रीती कशाला? कारण पॅलाडिओने स्वतःच दिले आहे आणि ते गवंडीकामाचे आहे. वेगवेगळ्या आकारांच्या खोल्यांची छते शक्यतो एकाच उंचीवर यावीत, म्हणजे वरच्या मजल्याची जमीन सपाट राहते. जिथे जी रीत हे साधेल, ती निवडावी. नियमात न बसणाऱ्या उंचीही असतात, त्या वास्तुशिल्पीने आपल्या विवेकाने आणि गरजेनुसार योजाव्यात, अशी पुस्तीही तो जोडतो.

तरीही धाकटी खोली या मेळात बसत नाही. १२ × १६ चा मध्य येतो १४ फूट. वरची जमीन सपाट ठेवण्यासाठी तिचेही छत २० फुटांवर नेले तर ती खोली न राहता उभी नळी होईल. पॅलाडिओच्या ग्रंथात यावर उपाय आहे: लहान खोल्यांचे उंचीत दोन भाग करून वर पोटमाळा काढावा. मोठ्या खोलीच्या २० फुटांतून १४ वजा केले तर सहा फूट, म्हणजे सुमारे २.१ मीटर उरतात. मधल्या तक्तपोशीची जाडी त्यातूनच जाणार. एवढ्या ठेंगण्या जागेत पाहुणे बसवता येत नाहीत. लहान खोल्यांच्या या भागांत अभ्यासिका, ग्रंथ, घोडेस्वारीचे साहित्य अशा रोज लागणाऱ्या, पण दिवाणखान्यात न शोभणाऱ्या गोष्टींची सोय त्याने सुचवली आहे. उंची वाया जात नाही आणि खालची खोली आपल्या मापाची राहते.

सपाट छतांच्या घरासाठी आणखी एक नियम आहे. वरच्या मजल्यावरील खोल्या खालच्यांपेक्षा एक षष्ठांशाने कमी उंच असाव्यात. खाली १८ फूट, तर वर १५. भिंती भिंतींवरच उभ्या असल्याने दोन्ही मजल्यांवरच्या खोल्यांची लांबी-रुंदी जवळजवळ तीच राहते. जिना चढून आलेल्या माणसाच्या पायाखाली तेवढीच जमीन असते, पण डोक्यावरचे छत तीन फूट जवळ आलेले असते. खालचे दालन पाहुण्यांचे वाटले, तर हीच खोली निजण्या-बसण्याची वाटते.