तळटीप १४ : क्लीन कोअर

१४. क्लीन कोअर : एसएपीच्या एस/४हाना प्रणालीबाबत हा शब्द येतो. जुन्या ईसीसीमध्ये कंपन्या मूळ प्रोग्रामातच हात घालून आपले नियम बसवत. अपग्रेडनंतर असे बदललेले भाग SPAU मध्ये यादीने समोर येतात आणि ठेवायचे की सोडायचे, हे एकेक तपासून ठरवावे लागते. अपग्रेड लांबणीवर पडण्याचे हे एक मोठे कारण. म्हणून मूळ प्रोग्राम, म्हणजेच गाभा, न बदलता ठेवायचा, ही क्लीन कोअरची नवी पद्धत. लेखकाने उल्लेखिलेली सवलत-मंजुरी नव्या पद्धतीत अशी चालते : ऑर्डर नोंदली की गाभा घटना-संदेश पाठवतो, बीटीपी या वेगळ्या प्लॅटफॉर्मवरचे ॲप तो घेऊन व्यवस्थापकाची मंजुरी मिळवते आणि API_SALES_ORDER_SRV या अधिकृत एपीआयमार्फत ऑर्डरवरचा डिलिव्हरी ब्लॉक काढते. मात्र संदेश पोचतो तोवर ऑर्डर जतन झालेली असते, म्हणून हा ब्लॉक ऑर्डर-प्रकाराच्या सेटिंगमधूनच आधी लागलेला हवा. जतन होण्यापूर्वीच ऑर्डर अडवायची असेल, तर नियम गाभ्यातच, पण एसएपीने त्यासाठी खुल्या ठेवलेल्या बॅडीत लिहिणे बरे. ‘सगळे बाहेर काढा’ हा लेखकाचा अर्थ त्यामुळे जरा ताणलेला वाटतो. – संपा.