भाग ३१ : एकत्र न येता काढलेला ग्रुप फोटो

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून करतो.

मी मूळचा चुडाव्याचा. पूर्णा ते नांदेड रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन, परभणी जिल्हा. आमची दहावीची बॅच २०१३ ची. यंदा दिवाळीत भेटायचं ठरलं, आणि नेहमीप्रमाणे निम्मे आलेच नाहीत. कुणी पुण्यात, कुणी सुरतला, एक जण दुबईत. मग ग्रुपवर एकाने टाकलं, "अरे, तू इंजिनिअर हायेस ना? समद्यांचे फोटो जोड की एका फोटोत. मागं आपलं शिवार दिसू दे." मी हो म्हणालो. बावीस जणांचे फोटो आले, मी ते कापले, शिवारावर ठेवले, आणि जे काही तयार झालं ते लग्नाच्या बॅनरवरच्या शुभेच्छुकांच्या रांगेसारखं दिसत होतं. कुणी हवेत तरंगतोय, कुणाच्या तोंडावर फ्लॅश, कुणी शेजाऱ्याच्या दीडपट.

कापण्यात चूक नव्हती, कडा स्वच्छ होत्या. मग चुकलं कुठे? उत्तर शोधताना मी दीडशे वर्षं मागे गेलो.

पहिला मुक्काम मुंबईचा. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या मंडळींत विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज होता. त्याने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या वेगवेगळ्या समाजांच्या लोकांचे फोटो काढले आणि त्यांचं दोन खंडांचं पुस्तक लंडनमधून प्रसिद्ध झालं, १८६३ आणि १८६६ मध्ये. दुसरा खंड महाराष्ट्रातल्या लोकांवर आहे. त्यातल्या चित्रांत माणसं मुंबई परिसरातल्या इमारती, झाडं, मोकळ्या जागा यांच्यासमोर उभी किंवा बसलेली दिसतात. पण ती तिथे नव्हती. माणसांचा फोटो एकीकडे काढलेला, जागेचा दुसरीकडे, आणि दोन्ही मिळून एक छपाई. म्हणजे 'बॅकग्राउंड बदलणं' आपल्या मुंबईत तेव्हाच सुरू झालं होतं.

एवढा खटाटोप कशाला? तेव्हाची काचेची प्लेट ओली असतानाच वापरावी लागे आणि उजेड खायला तिला काही सेकंद लागत. तेवढा वेळ सगळ्यांनी हललं नाही पाहिजे. चार माणसं सांभाळता येतील, चाळीस नाही. शिवाय माणसांना हवा तो मऊ उजेड आणि इमारतीला हवा तो उजेड एकाच वेळी मिळत नाही.

दुसरा मुक्काम कॅनडात, माँट्रियलला. तिथे विल्यम नॉटमन नावाचा फोटोग्राफर होता. मार्च १८७० मध्ये शहरातल्या व्हिक्टोरिया रिंकवर, म्हणजे बर्फावर घसरण्याच्या बंदिस्त मैदानावर, वेशभूषेचा मोठा जलसा झाला. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा प्रिन्स आर्थरही त्यात होता. आत छताखाली, तेवढ्या अंधारात, हलत्या गर्दीचा फोटो निघणं शक्यच नव्हतं. नॉटमनने वर्तमानपत्रातून लोकांना बोलावलं: आपापल्या वेशात माझ्या स्टुडिओत या. लोक एकेक करून आले. त्याने प्रत्येकाचा वेगळा फोटो काढला, कात्रीने आकृत्या कापल्या आणि त्याच्या चित्रकारांनी रंगवलेल्या रिंकच्या मोठ्या चित्रावर चिकटवल्या. मग त्या सगळ्याचा परत एक फोटो काढला आणि त्याच्या प्रती विकल्या.

आता नीट बघा, हा आमचाच प्रश्न आहे. माणसं वेगवेगळ्या दिवशी आलेली, मागचं दृश्य एक. मग त्याचं जमलं आणि माझं का नाही?

पहिलं कारण उजेड. त्याची सगळी माणसं एकाच काचेच्या छताखाली उभी राहिली. माझे बावीस जण बावीस ठिकाणी. दुसरं कारण, आणि माझ्या मते मोठं, म्हणजे क्रम. कोण कुठे उभं राहणार, किती मोठं दिसणार, हे आधी रेखाटनात ठरायचं आणि फोटो नंतर निघायचा. मी फोटो आधी गोळा केले आणि विचार नंतर केला. तिसरं कारण शेवटचा परत काढलेला फोटो. त्यावर मी पुढे येतो.

मग मी ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांनी परत फोटो काढा. शिव्या खाल्ल्या, पण काढले. आधी मी मागचं दृश्य ठरवलं: गावाबाहेरची शेतात जाणारी गाडीवाट, दोन्ही बाजूला बाभळी, मागे सपाट काळं रान. तो फोटो मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभं राहून काढला, मोबाईल जमिनीपासून साधारण दोन मीटर. आता खुर्ची कशाला, ते सांगतो.

सपाट रानात क्षितिजाची रेषा बरोबर कॅमेऱ्याच्या उंचीवर दिसते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरला तर जवळचा असो की लांबचा, प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे त्या रेषेवर येतात. म्हणजे सगळी डोकी एका रांगेत, आणि पुढची ओळ मागच्या ओळीला झाकून टाकते. कॅमेरा थोडा वर नेला की मागची डोकी पुढच्यांच्या वर दिसायला लागतात. शाळेच्या फोटोत मागचे बाकावर का उभे करतात, त्याची ही दुसरी बाजू.

याच रेषेवरून माप निघतं. पायांपासून क्षितिजापर्यंतचं अंतर म्हणजे दोन मीटर, कारण कॅमेरा दोन मीटरवर होता. तर १.६५ मीटरचा माणूस त्या अंतराच्या सुमारे ०.८२५ पट दिसला पाहिजे.

```
उंची = (पायांची रेषा - क्षितिज) × १.६५ / २
पुढची ओळ: (३६०० - १०००) × ०.८२५ = २१४५
मागची ओळ: (२६०० - १०००) × ०.८२५ = १३२०
```

हे आकडे पिक्सेलमध्ये आहेत आणि वरून खाली मोजलेत. माझं चित्र ६००० बाय ४००० पिक्सेलचं, म्हणजे १८ बाय १२ इंचाची छान प्रिंट निघते. पुढच्या ओळीच्या डोक्याचा माथा येतो १४५५ वर, मागच्या ओळीचा १२८० वर. मागची डोकी १७५ पिक्सेल वर, आणि मागच्या माणसाचं डोकंही साधारण तेवढंच उंच. बरोबर एक डोकं मोकळं मिळालं. पुढे नऊ, मागे तेरा, आणि मागचे दोघांच्या फटीत उभे केले की कुणी झाकलं जात नाही. खुर्चीवरून मोबाईल थोडा खाली वाकलेला होता, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचा आहे, पण डोळ्याला पुरतो. अर्थात प्रत्येकाची खरी उंची घालायची, नाहीतर आमचा सहा फुटी कबड्डीवाला रागावतो.

मित्रांना सूचना तीनच दिल्या. एक, फोटो काढणाऱ्याने खुर्चीवर उभं राहावं आणि चार मीटर लांब, सेल्फी नको. जवळून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय बारीक होतात, आणि ते नंतर कशानेही सुधारत नाही. दोन, उन्हात नको, घराच्या सावलीत, आकाश मोकळं दिसेल अशा ठिकाणी, फ्लॅश बंद. मी शिवारही सूर्य वर यायच्या आधी काढलं होतं, त्यामुळे कुणाचीच सावली चुकीच्या बाजूला पडत नाही. तीन, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप त्याला दाबून बारीक करतं.

एवढं केल्यावर जोडकाम सोपं झालं. फक्त पाय हवेत वाटत होते. बुटाच्या तळाशी जमिनीला टेकतं तिथे एक बारीक गडद रेघ आणि भोवती फिकट सावली दिली की माणूस जमिनीवर येतो. चूक ओळखायची युक्ती सोपी आहे: चित्र उलटं करून पाहा. चेहरे ओळखू येणं थांबलं की चुकीचा उजेड आणि चुकीचं माप पटकन खुपतं.

आता नॉटमनचा शेवटचा फोटो. सगळं चिकटवून झाल्यावर त्याने परत फोटो काढला तेव्हा कात्रीच्या कडा, वेगवेगळ्या कागदांचा रंग, सगळं एकाच काचेतून आणि एकाच रसायनातून गेलं. मी तेच कॉम्प्युटरवर केलं. आधी प्रत्येक फोटो मापावर आणला, मग सगळ्यांवर मिळून एकच रंगछटा आणि एकच बारीक दाणा दिला. दाणा शेवटीच द्यायचा. आधी दिला आणि मग फोटो लहान केला, तर दाणाही लहान होतो आणि जोड उघडा पडतो.

आणि एक राहिलं. बावीस जणांत तेवीसावा होता. आमचा एक मित्र चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्याचा धड फोटो एकच, एका लग्नात फ्लॅश मारून काढलेला, कमरेपर्यंतचा. ग्रुपवर दोन मतं. "दुसऱ्या कुणाचे तरी पाय लाव, पण त्याला उभा कर." दुसरे म्हणाले, नको. मी एक रात्र प्रयत्न केला. उजेड जुळत नव्हता, पण खरा अडथळा तो नव्हताच. मला जॉन्सनचं पुस्तक आठवत होतं. त्यातली माणसं जिथे कधी उभी नव्हती तिथे उभी दिसतात, आणि पान उलटणाऱ्याला ते कळत नाही. नॉटमनच्या गिऱ्हाइकांना निदान माहीत होतं, ते स्वतः स्टुडिओत जाऊन आले होते.

मी त्याच्या आईला फोन केला. काकू म्हणाल्या, "दुसऱ्याचे पाय नको लावू, बाळा. फ्रेम हाय ना घरी, ती घिऊन जा."

मग त्याच्या शेजारी बसणारा मित्र काकूंच्या अंगणात ती फ्रेम छातीशी धरून उभा राहिला. मी खुर्चीवर चढलो, चार मीटर मोजले, फोटो काढला. पुढच्या ओळीत मधोमध तोच आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: सगळे वेगवेगळ्या गावी काढलेले फोटो, जोडले चुडाव्यात.

एक प्रत काकूंच्या घरी लागली आहे. बाकीच्यांना आपापल्या प्रतीचे पैसे अजून द्यायचे आहेत, ते हा भाग ऐकत असतील तर समजून घ्या. भेटू पुढच्या भागात.