टेप, फ्लॉपी आणि जुने प्रोजेक्ट

आपल्यापैकी बहुतेकांच्या डिस्कवर "जुने" नावाचं एक फोल्डर असतं. त्यात संपलेले, अर्धवट राहिलेले, क्लायंटने मध्येच बंद केलेले प्रोजेक्ट पडून असतात. उघडायची वेळ वर्षातून एकदाही येत नाही, पण उडवायला हात धजत नाही. माझ्याकडेही आहे असं एक फोल्डर. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी प्रश्न येतोच: हे सगळं झिप करून ठेवायचं, की टार करून वर एक्सझेड मारायचं?

नेहमीचं उत्तर असतं, "एक्सझेड जास्त दाबतं." उत्तर खरं आहे, पण अर्धंच. नक्की किती जास्त? कधी दीडपट, कधी दहापट आणि कधी चक्क काहीच नाही. असं का, हे समजायला जरा मागे जावं लागेल, कारण हे दोन्ही फॉरमॅट दोन वेगळ्या वस्तूंसाठी जन्मले: एक टेपसाठी आणि दुसरा फ्लॉपी-मोडेमच्या जगासाठी.

आधी टेप. १९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यात `tar` होतं. नावाचा अर्थच टेप आर्काइव्ह. टेपवर मध्येच उडी मारता येत नाही, एकामागून एक लिहायचं आणि तसंच वाचायचं. म्हणून टारची रचना अगदी साधी आहे. प्रत्येक फाइलआधी ५१२ बाइटचा मथळा, त्यात फाइलचं नाव, मालक, परवानग्या, आकार, तारीख. मग खुद्द फाइल, ५१२ च्या पटीत बसेल अशी शून्यं भरून. आणि सगळ्यात शेवटी शून्यांचे दोन ठोकळे. अनुक्रमणिका नाही. दाबणं-बिबणंही नाही. १०० बाइटची फाइल टारमध्ये १०२४ बाइट खाते. दाबायचं काम दुसऱ्या प्रोग्रामने करावं, ही युनिक्सची पद्धत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं हिच्यावरच येणार आहे.

आता फ्लॉपी. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पीसीवाले लोक मोडेमवरून बुलेटिन बोर्डांना फोन लावून फाइली उतरवायचे. फोनचं बिल मिनिटावर, त्यामुळे फाइल छोटी म्हणजे पैसे वाचले. तेव्हा चलती होती एआरसी फॉरमॅटची, तो काढणारी कंपनी सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स. विस्कॉन्सिनमधल्या फिल कॅट्झने त्याच फॉरमॅटचा जास्त वेगवान प्रोग्राम लिहिला, आणि १९८८ मध्ये कंपनीने त्याच्यावर दावा ठोकला. तडजोड झाली, कॅट्झने तो फॉरमॅट सोडला आणि १९८९ मध्ये स्वतःचा नवा आणला: झिप. त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली, फॉरमॅटची माहिती सगळ्यांसाठी खुली करून टाकली. त्यामुळे तो पसरला तो पसरलाच. कॅट्झ २००० साली, अवघ्या ३७ व्या वर्षी गेला. पण आजही कुठलीही .docx फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, पहिली दोन अक्षरं `PK` दिसतील. ती त्याचीच आद्याक्षरं, कारण .docx ही आतून झिपच आहे.

झिपची रचना टारच्या बरोबर उलटी. इथे प्रत्येक फाइल वेगवेगळी दाबली जाते आणि सगळ्यांची यादी शेवटी लिहिली जाते. यादी वाचायची, हवी ती फाइल कुठे आहे ते बघायचं, तेवढीच काढायची. पाचशे फाइलींमधून एक README हवं असेल तर बाकी ४९९ ना हात लावायला नको. फ्लॉपीच्या काळात ही मोठीच सोय होती.

१९९३ मध्ये पीकेझिपच्या दुसऱ्या आवृत्तीत डिफ्लेट ही पद्धत आली, आणि आपण आज "झिप करतो" म्हणतो तेव्हा बहुधा तीच चालते. ती काय करते? पुढे येणारा मजकूर आधी येऊन गेलाय का ते बघते. आला असेल तर तो परत न लिहिता "इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचल" एवढंच लिहिते. पण मागे बघायची मर्यादा फक्त ३२ केबी. ६४० केबी मेमरीच्या डॉसवर हे अगदी वाजवी होतं. आणि नवी फाइल सुरू झाली की पाटी कोरी, आधीच्या फाइलीतलं काहीही आठवत नाही.

मग आलं एक्सझेड. इगोर पाव्लोव्हने सेव्हन-झिपसाठी एलझेडएमए नावाची पद्धत तयार केली होती. तिच्यावर लासे कॉलिनने .xz हा फॉरमॅट बेतला. फॉरमॅट २००९ मध्ये पक्का झाला आणि एक्सझेड युटिल्सची ५.० आवृत्ती २०१० मध्ये आली. कल्पना तीच, मागे बघा आणि पुन्हा लिहू नका. पण मागे बघायची मर्यादा नेहमीच्या -6 पातळीवर ८ एमबी आणि -9 वर ६४ एमबी. म्हणजे झिपच्या २५६ पट आणि २,०४८ पट! शिवाय टारने सगळ्या फाइली आधीच एका सलग दोऱ्यात ओवलेल्या असतात, त्यामुळे एक्सझेडला फाइलींच्या भिंती दिसतच नाहीत. टेपसाठी केलेली जुनी सोय इथे कामाला आली.

हे पटत नसेल तर स्वतःच करून बघा. अजिबात न दबणारी २ कोटी बाइटची फाइल बनवायची आणि तिचीच एक नक्कल ठेवायची:

```
mkdir p
head -c 20000000 /dev/urandom > p/a
cp p/a p/b
zip -r p.zip p
tar -cf - p | xz -6 > p6.tar.xz
tar -cf - p | xz -9 > p9.tar.xz
ls -l p.zip p6.tar.xz p9.tar.xz
```

झिप येईल ४ कोटी बाइटच्या किंचित वर. -6 वालंही तितकंच! आणि -9 वालं २ कोटींच्या थोडंसं वर. कारण सरळ आहे. दुसरी नक्कल पहिलीपासून २ कोटी बाइट लांब आहे. ८ एमबीच्या नजरेत ती येत नाही, ६४ एमबीच्या येते.

आता आपल्या "जुने" फोल्डरकडे वळू. त्यात असतं काय? `site`, `site_backup`, `site_final`, `site_final2`. समजा असे सहा अवतार आहेत, प्रत्येकी १२ एमबी सोर्स कोड, आणि फरक दोन-चार फाइलींचाच. झिप सहाही अवतार नव्याने दाबणार. एकाचे ३ एमबी होत असतील तर सहांचे १८. xz -6 एका अवतारावर झिपपेक्षा चांगलं काम करेल, पण मागचा अवतार १२ एमबी लांब असल्याने तो त्याला दिसणार नाही, तेही सहा वेळा मोजणार. xz -9 मात्र पहिला अवतार लिहील आणि पुढच्या पाचांसाठी जवळजवळ नुसत्या खुणा करेल. म्हणून माझा नियम असा: एका अवताराचा आकार बघा, डिक्शनरी त्याच्यापेक्षा मोठी हवी. `tar -cJf` म्हटलं की बहुतेक ठिकाणी -6 चालतं, त्यामुळे -9 मुद्दाम सांगावं लागतं. त्याची किंमत म्हणजे दाबताना एका थ्रेडला ६७४ एमबी मेमरी लागते, सोडताना मात्र ६५ एमबीच.

नकला नसतील, नुसता साधा सोर्स कोड असेल तर फरक माफक असतो. लिनक्स कर्नलच्या ६.१ आवृत्तीचं उदाहरण घ्या. .tar.gz, ज्यात झिपचीच डिफ्लेट पद्धत आहे, २०० एमबीच्या वर जातं; .tar.xz सुमारे १३० एमबी. म्हणजे साधारण एक तृतीयांशाहून जास्त बचत, दहापट वगैरे नाही.

आणि काहीच न वाचण्याचा प्रकार? फोटो, व्हिडिओ, .docx, .jar, .apk. हे आधीच दाबलेले आहेत, त्यांना पुन्हा पिळून थेंबही निघत नाही. `.git` फोल्डरसुद्धा यातच, कारण गिट आपल्या वस्तू डिफ्लेटनेच दाबून ठेवतं. फोल्डर अशा गोष्टींनी भरलेलं असेल तर झिप करा नाहीतर एक्सझेड, आकडा तोच येणार. तिथे जागा वाचवायची असेल तर `node_modules` आणि बिल्डचे फोल्डर उडवणं जास्त कामाचं.

आता दुसरी बाजू, कारण जागा हीच एकमेव गोष्ट नाही. पंधरा वर्षांनी डिस्कवरचा एखादा बाइट बिघडला तर? झिपमध्ये बहुधा ती एक फाइल जाते, बाकीच्या निघतात. यादीच गेली तर `zip -FF` पुष्कळदा वाचवतं. एक्सझेडमध्ये ज्या ब्लॉकमध्ये बिघाड झाला त्यातलं तिथून पुढचं सगळं हातचं जातं, आणि लहानसं आर्काइव्ह बहुधा एकाच ब्लॉकचं असतं. दोन्हींमध्ये तपासणीचे आकडे असतात, पण ते "बिघडलंय" एवढंच सांगतात, दुरुस्त करत नाहीत. म्हणजे जे एक्सझेड नकला एकदाच लिहून जागा वाचवतं, ते तुमचा नकळत झालेला बॅकअपही काढून घेतं. सहा अवतारांऐवजी एकच खरा उरतो.

म्हणून मूळ फोल्डर उडवण्याआधी एवढं तरी करा:

```
tar -cf - --exclude=site.tar.xz site* | xz -9 > site.tar.xz
xz -t site.tar.xz
tar -dJf site.tar.xz
```

`xz -t` आतला तपासणी आकडा जुळतो का ते बघतं. `tar -d` (हे ग्नू टारमध्ये आहे) आर्काइव्ह आणि डिस्कवरच्या फाइली ताडून बघतं. काही बोललं नाही तर सगळं ठीक. मग त्याच फाइलची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर.

एक्सझेडचं नाव काढलं की हल्ली लोक २०२४ आठवतात. त्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, आणि शोधता शोधता एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ मध्ये घुसवलेला चोरदरवाजा सापडला. कॉलिनचा विश्वास मिळवून सहदेखरेखदार झालेल्या टोपणनावी व्यक्तीने तो घातला होता. त्याला चालू करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच, तो फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होता! पण धोका त्या आवृत्त्यांच्या लायब्ररीत होता, .xz फॉरमॅटमध्ये नाही. तुमची जुनी आर्काइव्हं सुरक्षित आहेत, प्रोग्राम तेवढा त्या दोन आवृत्त्यांचा नको.

मी काय करतो? एकाच प्रोजेक्टचे अनेक अवतार, कोड, लॉग, डेटाबेसचे डंप असतील तर `tar` आणि `xz -9`, दोन प्रती. शिवाय टारमध्ये परवानग्या आणि सिमलिंक नीट राहतात. `zip` ला -y दिलं नाही तर ते सिमलिंकच्या जागी मूळ फाइलच भरतं. फोटो-डॉक्युमेंटं असतील, किंवा पुढे एखादीच फाइल काढावी लागणार असेल, किंवा फोल्डर अकाउंट्सच्या माणसाला पाठवायचं असेल, तर झिप. विंडोज ११ ला २०२३ पासून .tar.xz उघडता येतं, पण समोरच्याकडे कुठलं मशीन आहे ते आपल्याला थोडंच माहीत असतं?