समाईक परिभाषासूची : त्रैभाषिक प्रशिक्षण-पुस्तिकेसाठी

एकाच पुस्तिकेच्या तीन भाषांतील आवृत्त्यांमध्ये एका वस्तूला प्रत्येक भाषेत एकच ठरलेले नाव राहावे, यासाठी लेखनाआधी तयार केलेली आणि लेखन चालू असताना सांभाळलेली नोंदवही म्हणजे समाईक परिभाषासूची. ती शब्दांची यादी समजून केली तर फसते. तिची प्रत्येक ओळ वस्तूची असावी लागते. हे लातूर-नांदेड भागातील गवंड्यांच्या भूकंपरोधक बांधकाम-प्रशिक्षणाच्या उदाहरणावरून नीट कळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीच्या गाऱ्यातील जाड दगडी भिंती आणि माळवदांचा भार यांनी घरे कोसळली. अनेक भिंतींचे आतले आणि बाहेरचे पदर एकमेकांपासून सुटले होते. या दोषावरचे उपाय ‘आयएस १३८२८’ या भारतीय मानकात आहेत. मानक अभियंत्याच्या इंग्रजीत, काम करणारा गवंडी मराठी आणि बाहेरगावाहून आलेला कारागीर हिंदीभाषक, अशी तीन भाषांची गरज इथे आपोआपच उभी राहते.

मानकातील एक तरतूद घ्या. भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारा दगड दर ६०० मिलिमीटर उंचीला, आडव्या दिशेने जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर बसवायचा. एवढा लांब दगड मिळाला नाही, तर भिंतीच्या जाडीच्या सुमारे पाऊण लांबीचे दोन दगड जोडीने, एकमेकांवरून सरकवून ठेवायचे. मराठी आवृत्तीत एका पानावर ‘आरपार दगड’, दुसऱ्यावर ‘जोडदगड’ आणि तिसऱ्यावर ‘बांधणीचा दगड’ आला, तर वाचणारा तीन वेगळे दगड शोधू लागेल. शिवाय ‘जोडदगड’ म्हणजे वरची दोन दगडांची जोडीच, असा अर्थही सहज निघतो. सूचीत या वस्तूची एक ओळ असते. तीत भिंतीच्या छेदाचे लहान चित्र, मापांसह एका वाक्यातली व्याख्या, तिन्ही भाषांतील एकेक मान्य नाव आणि शेवटी ‘हे वापरू नये’ असा रकाना असतो. माझ्या मते हा शेवटचा रकानाच सर्वांत उपयोगी आहे. छपाईआधी तिन्ही मजकुरांत शोधायचे ते त्यातलेच शब्द असतात.

अधिक घातक गोंधळ ‘लिंटेल’चा. दारा-खिडकीवरचे लिंटेल फक्त तेवढ्या जागेपुरते असते. त्याच पातळीवरचा भूकंपपट्टा मात्र सगळ्या भिंतींवरून, कोपऱ्यांतही न तुटता फिरतो. दोन्हींना ‘लिंटेल’ म्हटले, तर गवंडी दारावर तुळई टाकून काम संपले असे समजेल, आणि घर दिसायला पूर्ण असूनही भिंती एकमेकींना बांधलेल्या नसतील. म्हणून इथे दोन ओळी हव्यात. उलट बाजूने, मराठीतले ‘जोते’ आणि हिंदी बांधकामातली ‘कुर्सी’ या दोन शब्दांची ओळ एकच. हिंदी मजकुरावरून मराठी करणारा अनोळखी भाषांतरकार तिथे ‘खुर्ची’ लिहून मोकळा होऊ शकतो.

पहिला आक्षेप असा, की गवंडी हाताने शिकतो, त्याला शब्दांचे काय? प्रात्यक्षिकापुरते हे खरे आहे. पण किल्लारीनंतर लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचे काम हाती घेतले गेले, तेवढ्या ठिकाणी शिकवणारा पोचत नसतो. तिथे अंदाजपत्रक, पाहणीची टाचणे आणि पुस्तिका यांतली नावे जुळली, तरच राहिलेला पट्टा नेमका कोणता, हे ठरते.

दुसरा आक्षेप सरकारी परिभाषेचा. भाषा संचालनालयाचे कोश असताना नवी सूची कशाला? कोश प्रमाण शब्द देतो आणि तो आधी पाहिलाच पाहिजे. मात्र तो शब्द या पुस्तिकेच्या वाचकाच्या तोंडी आहे का, हे कोश सांगत नाही. याच प्रदेशाचा इतिहास इथे साक्षीला आहे. निजामी हैदराबादेत १९१७ मध्ये भाषांतर-विभाग स्थापन झाला आणि उस्मानिया विद्यापीठासाठी त्याने विद्वानांच्या समित्यांकडून उर्दू संज्ञांचा मोठा संग्रह घडवला. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि त्या संज्ञांचा आधारच सरला. संज्ञा चांगल्या होत्या की वाईट, हा प्रश्न वेगळा. त्या ज्या वापरावर उभ्या होत्या तो वापर थांबला. म्हणून सूचीत मान्य नाव निवडताना कारागिराच्या तोंडचा शब्द पुढे आणि कोशातला शब्द त्याच ओळीत पर्याय म्हणून ठेवणे मला योग्य वाटते.

तपासणी मजकुराने नव्हे, चित्राने करावी. नाव झाकलेले चित्र मराठी आणि हिंदी गवंड्यांना वेगवेगळे दाखवून ते काय म्हणतात ते लिहून घ्यायचे. मग नाव दाखवून वस्तू ओळखायला सांगायचे. पहिल्या फेरीत वेगळे नाव आले तर फारसे बिघडत नाही. दुसऱ्या फेरीत वेगळीच वस्तू दाखवली गेली, तर ती ओळ पुन्हा लिहावी लागते. देगलूर-धर्माबादच्या सीमेवर हिंदीऐवजी तेलुगू आवृत्ती काढायची ठरली, तर चित्र आणि व्याख्या तशाच राहतात, नवा रकाना मात्र तिथल्या तेलुगूभाषक गवंड्यांसमोर याच दोन फेऱ्यांतून भरावा लागतो.